‘सकाळी नऊला पाठवतो’ म्हणणारं टूल रात्रभर काय करत असतं?

प्रश्न: घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत 112 फ्लॅट आहेत, मी खजिनदार आहे. वर्षभराचं बँक स्टेटमेंट एका एआय चॅट टूलला दिलं आणि कोणत्या फ्लॅटचा मेंटेनन्स कधी आला ते जुळवून मागितलं. ते म्हणालं, “काम मोठं आहे, 4 तास लागतील. तुम्ही विश्रांती घ्या, सकाळी 9 वाजता तयार शीट पाठवतो.” सकाळी काही आलं नाही. विचारलं तर म्हणे “80 टक्के झालंय.” दुपारीही तेच. पैसे भरलेला प्लॅन नाही म्हणून असं होतंय का? की माझं काही चुकलं?

उत्तर:

प्लॅनचा याच्याशी संबंध नाही. तुम्ही झोपलात तेव्हा तुमचं काम कुठेही चालू नव्हतं. 80 टक्केही झालेलं नाही आणि 8 टक्केही नाही. “सकाळी 9 वाजता पाठवतो” हे वाक्य लिहून पूर्ण झालं त्या क्षणी त्या टूलचं तुमच्यापुरतं काम संपलं.

यामागची रचना समजून घेतली तर पुढच्या वेळी पहिल्याच ओळीत शंका येईल. अशा टूलच्या पोटात जे भाषेचं मॉडेल असतं, ते फक्त उत्तर लिहिताना चालतं. तुम्ही संदेश पाठवता, तो सर्व्हरवर जातो, मॉडेल पुढचा शब्द, मग त्याच्या पुढचा, असं करत मजकूर तयार करतं आणि ‘उत्तर संपलं’ अशी खूण आली की थांबतं. त्यानंतर ते यंत्र दुसऱ्या कोणाच्या तरी प्रश्नाला लागतं. तुमच्या नावाने मागे कोणी बसून राहत नाही. स्क्रीनवर अक्षरं उमटत असतात ना, तेवढाच त्याच्या कामाचा वेळ. उत्तर अर्धवट असताना तुम्ही ॲप बंद केलंत तर पुष्कळदा ते एक उत्तर सर्व्हरवर पुरं होतं आणि परत आल्यावर दिसतं. पण तेवढंच. त्यापुढे स्वतःहून दुसरी ओळ येत नाही.

काही टूल उत्तर देण्याआधी ‘विचार’ करतात किंवा मध्येच कोड चालवतात. तेव्हा स्क्रीनवर काहीतरी फिरताना, हलताना दिसतं आणि थांबवण्याचं बटण असतं. ते बटण जाऊन त्या जागी पुन्हा संदेश पाठवण्याचा बाण आला की दुकान बंद झालं असं समजा, मग वर काहीही लिहिलेलं असो.

आता तुम्ही सकाळी “झालं का?” विचारलंत तेव्हा मॉडेलकडे नेमकं काय गेलं ते पाहा. थोडक्यात, असं:

```
{"messages": [
  {"role": "user",      "content": "112 फ्लॅटचा हिशेब जुळवा"},
  {"role": "assistant", "content": "4 तास द्या, सकाळी 9 ला पाठवतो"},
  {"role": "user",      "content": "झालं का?"}
]}
```

मॉडेलला मागचं आपोआप आठवत नाही. दर वेळी आधीचा सगळा संवाद असा नव्याने त्याच्यापुढे ठेवला जातो आणि ते पुढची ओळ लिहितं. यातला दुसरा आणि तिसरा संदेश नीट बघा. त्या दोन्हींच्या मध्ये तुमची अख्खी रात्र गेली, पण ती या कागदावर कुठेच नाही. काही ॲप आजची तारीख वेगळ्या सूचनेत देतात, तरीही मधल्या तासांत काय झालं याची नोंद नसते, कारण काही झालेलंच नसतं. मॉडेलपुढे आहे ते एवढंच: एकाने काम घेतलंय, वेळ मागितलीय आणि समोरचा विचारतोय झालं का. अशा संवादात माणसं पुढे काय लिहितात? “जवळजवळ झालंय, शेवटचा हात फिरवतोय.” तेच ते लिहितं. 80 हा आकडा कशाचंही मोजमाप नाही.

खात्री करायची असेल तर एक प्रयोग करा, सोपा आहे. टूलने वेळ मागितल्यावर 20 सेकंदांत विचारा, “किती टक्के झालं?” 40, 60 असं काहीतरी सांगेल. मग नव्या संवादात तीच फाइल देऊन तेच काम सांगा, पण हा प्रश्न दोन दिवसांनी विचारा. आकडा त्याच धाटणीचा येईल. वेळेबरोबर खरंच हलणारी गोष्ट असती तर 20 सेकंद आणि दोन दिवस यांत फरक पडला असता.

मग ते वचन देतंच कशाला? मॉडेल शिकलं ते माणसांनी लिहिलेल्या मजकुरावर. त्यात ऑफिसच्या मेल आहेत, ग्राहक सेवेची उत्तरं आहेत, “बघतो आणि उद्यापर्यंत कळवतो” हे हजारो तऱ्हांनी लिहिलेलं आहे. मोठं काम सांगितलं की माणूस आधी वेळ मागतो, हा साचा त्यात पक्का बसलाय. शिवाय नम्र आणि उपयोगी वाटणारी उत्तरं द्यायला त्याला मुद्दाम शिकवलेलं असतं. “एका उत्तरात हे मावणार नाही” यापेक्षा “4 तास द्या” कानाला गोड लागतं. इलेक्ट्रिशियन “निघालोच आहे, माजिवड्यापर्यंत आलोय” म्हणतो तेव्हा तो निदान कुठेतरी असतो तरी. इथे निघणारंच कोणी नाही.

तो 4 तासांचा आकडाही तपासून पाहण्यासारखा आहे. 112 फ्लॅट गुणिले 12 महिने म्हणजे 1344 नोंदी. मॉडेल मजकूर लहान तुकड्यांत लिहितं, त्यांना टोकन म्हणतात. फ्लॅट, महिना, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक अशा एका ओळीला साधारण 35 टोकन धरले तर एकूण 47 हजारांच्या आसपास होतात. सेकंदाला 50 ते 100 टोकन हा नेहमीचा वेग धरला तर लिहून काढायला 8 ते 16 मिनिटं. 4 तास हा हिशेबनीस माणसाचा वेळ आहे, तो उचलून इथे चिकटवलाय. खरी अडचण वेगळीच आहे. बहुतेक टूलमध्ये एका उत्तराच्या लांबीला मर्यादा असते आणि एवढा मजकूर तिच्यात बसत नाही. काम हप्त्यांनी मागायला हवं, हे सांगण्याऐवजी त्याने ते सकाळवर ढकललं.

काही वेळा सकाळी शीटसुद्धा ‘मिळते’. ड्राइव्हची लिंक येते, ती उघडत नाही. किंवा sandbox:/mnt/data/ ने सुरू होणारा पत्ता येतो आणि दाबल्यावर फाइल सापडत नाही. यात दोन वेगळे प्रकार आहेत. एक म्हणजे फाइल कधी बनलीच नव्हती, पत्ताही बाकीच्या मजकुरासारखाच रचलेला. ओळखायचं कसं, तर त्या उत्तरात कोड चालवल्याची खूण शोधा. खरी फाइल बनली असेल तर उत्तराच्या वर किंवा मध्ये चाललेला कोड उघडून बघता येतो. दुसरा प्रकार म्हणजे फाइल खरी होती, पण टूलने ती तात्पुरत्या जागेत बनवली होती आणि काही वेळ वापर झाला नाही की ती जागा पुसली जाते. म्हणून खरी फाइल मिळाली की लगेच उतरवून घ्या, सकाळवर ठेवू नका.

आता हे सरसकट सगळ्या टूलना लागू नाही, तेही सांगायला हवं. चॅटजीपीटीमध्ये जानेवारी 2025 पासून ठरलेल्या वेळी काम करायची सोय आली, नंतर इतरांनीही आणली. फेब्रुवारी 2025 मध्ये आलेलं चॅटजीपीटीचं डीप रिसर्च, म्हणजे इंटरनेट धुंडाळून अहवाल लिहिणारी सोय, 5 ते 30 मिनिटं मागे चालतं आणि झालं की कळवतं. त्यामुळे “उद्या कळवतो” हे वाक्य क्वचित खरंही असू शकतं. खरं-खोटं करायला वाक्याच्या बाहेर बघायचं. उद्या काही घडायचं असेल तर तीन गोष्टी लागतात: वेळ झाली की उठवणारं घड्याळ, उठल्यावर काम करायला जागा आणि तुमची फाइल, आणि निकाल तुमच्यापर्यंत आणणारी वाट.

घड्याळ खरंच लागलं असेल तर ॲपच्या सेटिंगमध्ये कामांची यादी असते. तिथे त्या कामाचं नाव, पुढची वेळ आणि रद्द करायचं बटण दिसतं. संवादात कितीही ठासून लिहिलेलं असो, यादीत ओळ नसेल तर घड्याळ लागलेलं नाही. यादीत ओळ आहे, पण काम होताना काल चढवलेलं स्टेटमेंट त्याला मिळेलच असं नाही. मग वेळेवर काहीतरी येतं, फक्त ते हवेतलं असतं. वाटेचं म्हणाल तर निकाल सहसा त्याच ॲपमध्ये, सूचना म्हणून किंवा मेलवर येतो. “व्हॉट्सॲपवर पाठवतो” असं म्हणत असेल आणि तुम्ही नंबर कुठे जोडून दिला नसेल, तर त्याला तुमचा दरवाजाच माहीत नाही. व्यवसायांनासुद्धा ग्राहकाच्या शेवटच्या संदेशानंतर 24 तास उलटले की व्हॉट्सॲपवर आधी मंजूर करून घेतलेल्या नमुन्यातलाच संदेश पाठवता येतो.

तुमच्या हिशेबाकडे येऊ. तो जुना संवाद सोडून द्या. रागावण्यात किंवा त्याच्याकडून माफी वदवून घेण्यात वेळ जाईल आणि माफीच्या पुढच्या ओळीत “आत्ता सुरू करतो, 20 मिनिटं द्या” येईल. कारण वर पाहिलंत तसं, खोट्या वचनाची ती ओळ दर वेळी पुन्हा त्याच्यापुढे जाते आणि ते तोच सूर धरतं. नवा संवाद उघडा.

फाइल तोडायची ती महिन्याप्रमाणे. विंगप्रमाणे तोडायचा मोह होईल, पण बँक स्टेटमेंट तारखेने लागलेलं असतं, त्यात विंग वेगळी काढणं हेच तर काम आहे. एप्रिलच्या फक्त जमा ओळी घ्या. सभासदांची नावं, मोबाइल नंबर आणि खाते क्रमांक आधी काढून टाका, पण शेऱ्यातला “B-304 maint” सारखा मजकूर आणि व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे राहू द्या. ज्यांच्या शेऱ्यात फक्त नावच आहे, फ्लॅट नंबर नाही, त्या ओळी बाजूला काढा. त्या तुम्ही सभासदांच्या यादीवरून पाच मिनिटांत लावाल, टूल तिथे अंदाजच करेल.

मग असं लिहा:

“खाली एप्रिलच्या 118 जमा ओळी आहेत. प्रत्येक ओळीसाठी फ्लॅट, महिना, रक्कम, शेवटचे चार आकडे अशी एक ओळ आत्ता, याच उत्तरात द्या. फ्लॅट नक्की कळत नसेल तर अंदाज करू नका, ती ओळ ‘न जुळलेल्या’ या वेगळ्या यादीत ठेवा. एकही ओळ गाळू नका. उत्तरात सगळं मावत नसेल तर मावेल तिथपर्यंत लिहा आणि कोणत्या ओळीवर थांबलात ते सांगा. नंतर पाठवतो असं लिहू नका.”

शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची आहेत. त्यांच्यामुळे थांबायला एक खरी जागा मिळते आणि तुम्ही “62 पासून पुढे” एवढं लिहून काम पुढे नेऊ शकता. 118 ओळी जड जात असतील तर पंधरवड्याने तोडा. लांब यादीत मध्येच “उर्वरित नोंदी याच पद्धतीने” असं आलं की तिथून पुढचं काम झालेलं नाही, तुकडा लहान करा.

तपासणी डोळ्यांनी करत बसू नका, आकड्यांनी करा. समजा एप्रिलमध्ये 107 ओळी जुळल्या आणि 11 न जुळलेल्यांत गेल्या. 107 अधिक 11 बरोबर 118, म्हणजे ओळ गळाली नाही. 117 आले तर एक ओळ कुठेतरी पडलीय. 119 आले तर एखादी दोनदा लिहिली गेलीय, चार आकड्यांचा रकाना क्रमाने लावला की ती जोडी वर येते. मग दोन्ही याद्यांच्या रकमांची बेरीज स्टेटमेंटमधल्या एप्रिलच्या त्याच ओळींच्या बेरजेशी लावा. ओळी जुळल्या आणि रक्कम चुकली तर कुठेतरी आकडा बदललाय. 3,450 चे 3,540 होणं नवलाचं नाही.

बेरजा मात्र टूलकडून करून घेऊ नका. मोठ्या यादीची बेरीज ते लिहून दाखवतं, करतंच असं नाही. जुळलेल्या ओळी शीटमध्ये चिकटवा, A मध्ये फ्लॅट, B मध्ये महिना, C मध्ये रक्कम, आणि वार्षिक जमा सूत्राने काढा:

```
=SUMIFS(C:C, A:A, "B-304")
```

एका बैठकीत तीन-चार महिने होतात. 12 महिन्यांना तीन-चार संध्याकाळ धरा. सोसायटीची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्यामुळे घाई असेल तर आधी ज्या फ्लॅटच्या थकबाकीवर वाद आहे तेवढेच महिने घ्या.

आता राहिली सकाळी 9 ची गोष्ट. रोज सकाळी थकबाकीची यादी आपोआप यावी असं वाटत असेल तर त्याला चॅट टूलची गरज नाही, साधं घड्याळ लागतं. गूगल शीटमध्ये ते फुकट मिळतं. ‘थकबाकी’ नावाच्या पानावर पहिल्या ओळीत मथळे, A मध्ये फ्लॅट आणि D मध्ये बाकी रक्कम ठेवा. मग Extensions मधून Apps Script उघडा आणि हे टाका:

```
function rojchiYadi() {
  const sh = SpreadsheetApp.getActive().getSheetByName('थकबाकी');
  const rows = sh.getDataRange().getValues().slice(1);
  const baki = rows.filter(r => r[3] > 0)
                   .map(r => r[0] + ' : ' + r[3]);
  MailApp.sendEmail(Session.getEffectiveUser().getEmail(),
                    'आजची थकबाकी', baki.join('\n'));
}

function ghadyalLava() {
  ScriptApp.newTrigger('rojchiYadi')
    .timeBased().everyDays(1).atHour(9).create();
}
```

r[3] म्हणजे चौथा रकाना, कारण मोजणी शून्यापासून सुरू होते. आधी rojchiYadi एकदा हाताने चालवा. परवानगी मागेल, ती द्या आणि मेल आली का बघा. ती आल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग ghadyalLava एकदाच चालवा. नंतर डावीकडच्या घड्याळाच्या चिन्हावर, Triggers मध्ये, एक ओळ दिसेल. संवादातलं वचन आणि ही ओळ यांतला फरक असा की ही ओळ तुम्ही लॅपटॉप बंद करून तलावपाळीला फिरायला गेलात तरी सर्व्हरवर जागी असते.

मेल बरोबर 9 च्या ठोक्याला येणार नाही. atHour(9) चा अर्थ 9 ते 10 च्या दरम्यान कधीतरी. मिनिटाशी जवळीक हवी असेल तर .nearMinute(5) जोडता येतं, तरी 15 मिनिटं मागेपुढे होतात. मेल संध्याकाळी साडेसहाला किंवा साडेसातला येऊ लागली तर प्रकल्पाचा टाइमझोन न्यूयॉर्कचा राहिलाय, Project Settings मध्ये जाऊन तो कोलकात्याचा करा. एकाच दिवशी दोन मेल आल्या तर ghadyalLava दोनदा चाललंय, Triggers मधली एक ओळ पुसा. आणि मेल आलीच नाही तर Executions उघडा. तिथे प्रत्येक वेळेची नोंद असते, कधी चाललं, किती सेकंद चाललं, कुठे अडलं. बहुतेकदा कोणीतरी ‘थकबाकी’ पानाचं नाव बदललेलं असतं.